गुरुवारी धावणारं नेट

आमच्या सार्थकला रात्रभर खोकला आणि ताप असतो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला की तो खुदकन हसतो. नऊ महिन्यांचं पोर, पण आईला खोटं पाडण्यात पटाईत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण दर काही तासांनी ताप मोजून लिहून आणा. चढतो केव्हा, उतरतो केव्हा, ते बघू."

आमचं इंटरनेट अगदी सार्थकवर गेलं होतं.

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत नेट एकाच माणसाचं, दिग्विजयचं. जमीन त्यांच्या घरची होती. तिच्यावर सोसायटीच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि करारात कुठेतरी 'केबल आणि नेट आमचंच' एवढं कलम उरलं. दुसऱ्या कंपनीची वायर गेटच्या आत येत नाही. पॅकेज शंभर एमबीपीएसचं. पण सकाळी अकराचा कॉल सुरू झाला की माझी मॅनेजर निकिता तोंड उघडं ठेवून गोठायची. तिकडे माझंही तोंड तसंच दिसत असणार.

एका सोमवारी ती न गोठता पूर्ण वाक्य बोलली. "आम्रपाली, क्लायंटसमोर तू तीनदा गायब झालीस. महिनाअखेरपर्यंत नीट कर, नाहीतर एक तारखेपासून हिंजवडीला ये. रोज."

वाघोली ते हिंजवडी म्हणजे पुणे आडवं कापायचं. सार्थक झोपेत पाळणाघरात जाणार आणि झोपेतच घरी येणार. त्याचा ताप मोजणार कोण?

तक्रार केली. दिग्विजय आला दुपारी तीनला. मोबाईल पुढे धरून म्हणाला, "वहिनी, ब्याण्णव दाखवतंय की! नेट झकास हाय. तुमच्या भिंतीच जाड हायेत."

"भाऊ, सकाळी अकराला या ना एकदा."

"अकराला लई तक्रारी असत्यात हो. टाइमच न्हाई."

या वाक्यात सगळं उत्तर होतं, पण ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर अध्यक्ष माधवकाकांचं उत्तर आलं: "आमच्याकडे पहाटे साडेपाचला उत्तम चालते. आपणही लवकर उठून पाहावे." कुणीतरी राउटर ईशान्येला ठेवायला सांगितला.

तेव्हा मला डॉक्टर आठवले. ताप मोजायचा. आणि पोरगं हसतंय की रडतंय ते न बघता, ठरल्या वेळी मोजायचा.

माझा नवरा चेतन याचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. त्याचं वाय-फाय बंद करून तो सरळ वायरने राउटरला जोडला, म्हणजे भिंतींची सबब नको. एक छोटा प्रोग्राम लिहिला. दर तासाला त्याने आपणहून उठायचं, आधी आमच्याच राउटरला पिंग करायचं, मग बाहेरच्या सर्व्हरला, मग स्पीड तपासायचा आणि तारीख-वेळेसकट एक ओळ फाईलमध्ये लिहून गप्प बसायचं. पिंग म्हणजे हाक मारल्यावर 'ओ' यायला लागणारा वेळ. घरातली हाक आणि बाहेरची हाक वेगवेगळी मोजली की दुखणं घरात आहे की बाहेर, ते कळतं.

चेतन म्हणाला, "पोराची शी-शू लिहितेस, आता नेटचीही?"

"हो. पुढचा नंबर तुझा."

आठवडा भरल्यावर आलेख काढला. घरातली हाक दिवसरात्र एका मिलिसेकंदात पोचत होती. म्हणजे भिंती, राउटर, ईशान्य, सगळे निर्दोष. बाहेरची हाक मात्र सकाळी दहा ते एक आणि रात्री आठ ते अकरा या वेळात आठवरून दोनशेवर जायची आणि स्पीड पंच्याण्णववरून सातवर यायचा. दुपारी पुन्हा सगळं ठणठणीत. म्हणजे दिग्विजय यायचा तेव्हा.

फक्त गुरुवारची सकाळ वेगळी होती. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून विंगमधले घरून काम करणारे तक्रार न करता ऑफिस गाठतात. दिग्विजयची नेट वाटणारी पेटी पार्किंगमध्ये, सोसायटीच्या जनरेटरवर. आमचा राउटर आणि तो लॅपटॉप इन्व्हर्टरवर, कारण सार्थकला पंखा लागतो. त्या सकाळी दहा ते एक, रेघ पंच्याण्णववर सपाट. वायर तीच, राउटर तोच, घड्याळातली वेळ तीच. फक्त शेजारी नव्हते. टाकी एकाच घराची भरावी एवढी आणि नळ अख्ख्या विंगचे, असा प्रकार होता.

पार्किंगमध्ये दिग्विजयला आलेख दाखवला. त्याने तो बराच वेळ बघितला. मग आजूबाजूलाही बघितलं.

"वहिनी, हे ग्रुपवर टाकू नका. तुमची लाइन मी वेगळी जोडून देतो. फक्त तुमची."

मी लिफ्टमध्ये तत्त्वांचा वगैरे विचार केला असं नाही. चौथ्या मजल्यापर्यंत मी होकार पक्का केला होता. दार उघडलं तर चेतन खुशीत. "तुझा आलेख ग्रुपवर टाकला! बायको कोणाची आहे ते कळू दे लोकांना."

दिग्विजयचा मेसेज लगेच आला: "आता जमणार न्हाई."

ग्रुपने आलेख मनापासून वाचला. म्हणजे एवढंच वाचलं की गुरुवारी सकाळी नेट पळतं. "उपयुक्त माहिती! आभार." "गुरुवारी घरूनच काम करतो मग." माधवकाकांनी नातवाचा ऑनलाइन क्लास गुरुवारी हलवला. वीज गेल्यावर राउटरला जोडायच्या छोट्या बॅटऱ्या कुठे मिळतात यावर दोन दिवस चर्चा झाली. दिग्विजयला एकानेही काही विचारलं नाही.

आणि मी? मी निकिताला सांगून बसले होते, "शेवटचा क्लायंट कॉल गुरुवारी अकराला ठेव. तेव्हा माझं नेट खात्रीचं असतं."

गुरुवारी वीज गेली. अकरा वाजता मी "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि निकिता गोठली. लॅपटॉपने इमानदारीत ओळ लिहिली: स्पीड चार, बाहेरचं पिंग तीनशे, घरातलं एक. मी सार्थकला काखोटीला मारून दार उघडलं, तर समोरचंही दार उघडत होतं. वरूनही पावलं आली. वर शर्ट आणि खाली बर्म्युडा घातलेली माणसं जिन्यात भेटत होती. आजवर आपापल्या घरात, आपापल्या भिंतींना दोष देत, प्रत्येकजण एकटा गोठला होता.

"तुमचंही?"

"तुमचंही?"

मोर्चा पार्किंगमध्ये गेला. सर्वांत पुढे माधवकाका. "अहो दिग्विजय, आपण इंटरनेट विकता की त्याची आठवण? दुसऱ्या कंपनीला गेट उघडून देतो. करार मी वाचतो, मला वेळच वेळ आहे."

या धमकीत दम होता. काका खरंच वाचतात. दिग्विजयने चार दिवसांत आमच्या विंगला दुसरी मोठी लाइन आणून जोडली.

निकिताला मी दोन्ही आठवड्यांचे आलेख पाठवले आणि आणखी एक आठवडा मागितला. तिने दिला. तिसरा आलेख सरळ रेघ: सकाळी अकरा, रात्री नऊ, सगळीकडे पंच्याण्णव.

तिचा कॉल आला. तोंड एकदाही गोठलं नाही. "मस्त! हिंजवडीला यायची गरज नाही." मी सार्थकला घट्ट धरलं. "आणि आता नेट एवढं छान आहे, तर कॅमेरा कायम चालू ठेव. रात्री नऊचा कॉलही घेत जा ना. तुझ्याच आलेखात दिसतंय, अडचण काहीच नाही."

"अगं, नऊला मी सार्थकला..."

"आवाज अगदी स्पष्ट येतोय!" निकिता म्हणाली.