तारखेतला डबा

व्यायामशाळेतले चाळीस जण कोचला घाबरत. कोच मात्र दोनच गोष्टींना घाबरे: सासूबाईंना आणि पाकिटावरच्या तारखेला. तारीख उलटलेला पाव तो चिमट्याने उचलून टाकी. बायको म्हणे, "अरे, पाव आहे तो, विंचू नाही." कोच म्हणे, "विंचवाला निदान नांगी दिसते."

तारखेच्या या भीतीनेच त्याचा घात केला.

त्याचे सासरे एकाहत्तर वर्षांचे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठीवर आलेले. डॉक्टरीणबाईंच्या संमतीने फिजिओथेरपिस्टने व्यायामासोबत रोज तीन ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना बळ देणारी पावडर, सांगितलं होतं. ते आणून द्यायचं काम जावयाकडे. सासूबाई ते एका स्वच्छ कोरड्या चमच्याने मोजून काढत आणि डबा स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कपाटात, गॅसपासून लांब ठेवत. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. बाबा काठी विसरून दाराशी जाऊ लागले, आणि विसरल्याचं लक्षात आलं की पुन्हा काठीशी येऊ लागले.

गेल्या रविवारी कोचने सहज डबा फिरवून पाहिला. तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती. सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. "आई, तुमच्या डब्याची मुदत संपलीये," एवढं साधं वाक्य सोळा जोर एका श्वासात काढणाऱ्या माणसाच्या तोंडून निघेना. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग तुम्ही काय बघून आणलंत?"

म्हणून त्याने गुपचूप डबा पिशवीत घातला. व्यायामशाळेत सगळ्यांच्या वर्गणीचा मोठा डबा होता. त्यावर पुढच्या वर्षाची तारीख होती. अंधुक उजेडात, वास न घेता घाईघाईने त्यातली पावडर तसल्याच दुसऱ्या रिकाम्या डब्यात भरली, गुठळ्या चमच्याच्या पाठीने दाबल्या आणि संध्याकाळी डबा कपाटात नेऊन ठेवला. घरी परतताना शीळ घालत होता म्हणे.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला, पहाटेची पाळी चालू असताना, व्यायामशाळेत बायकोचा फोन आला. ती दोन दिवस माहेरी होती.

"लवकर दवाखान्यात ये. बाबांना पहाटेपासून उलट्या होतायत, पोटात कळा येतायत. आई म्हणतेय, पावडर आंबूस लागते, चार दिवस झाले. बाबा मात्र नाक मुरडत प्यायले. जावयाने आणलीये म्हणे, टाकायची कशी!"

कोचच्या हातातला फोन घामाने निसटला. चार दिवस. तो थेट सामानाच्या कपाटाकडे धावला. कपाटाची मागची भिंत म्हणजे वाफेच्या खोलीची भिंत. हात लावला तर भिंत तापलेली आणि दमट. इतकी वर्षं त्याला वाटे, जागा उबदार आहे, बरं आहे.

मोठ्या डब्याचं झाकण उघडताच आंबट, ओलसर वास आला. चांगल्या क्रिएटिनला म्हणण्यासारखा वासच नसतो. पांढऱ्या भुकटीऐवजी आत पिवळट, चिकट ढेकूळ बसलं होतं. बोट रुतलं आणि ओलं बाहेर आलं. कोरडी गुठळी बोटाने चुरडली की पुन्हा पीठ होते. ही चिकटत होती. झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट काळी लव धरली होती. ओलावा शोषणारी पुडी केव्हाच काढून कोणी कचऱ्यात टाकली असावी. चमचा तळाशी, पाणी निथळत, आडवा.

आणि कपाटाच्या दारावर कोचच्या स्वतःच्या अक्षरातली पाटी: "चमचा वापरून झाल्यावर धुऊन डब्यात ठेवावा." चाळीस जणांनी आज्ञा अक्षरशः पाळली होती. काहींनी तर दुधाच्या शेकमध्ये ढवळून मग धुतला असेल, काहींनी नुसताच बुचकळला असेल. व्यायामशाळेत शिस्त नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

त्याने रविवारी खणात टाकलेला सासऱ्यांचा जुना, तारीख उलटलेला डबा काढला. उघडला. आत पावडर पांढरीशुभ्र, कोरडी, वासाचा पत्ता नाही. डबा हलवला तर वाळूसारखी सरकली. कोच दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. जो टाकला तो चांगला होता. जो दिला तो कुजलेला.

दोन्ही डबे पिशवीत घालून तो सुटला. वाटेत एकच विचार होता: बाबांना काही झालं तर? दुसरा विचार त्याहून लाजिरवाणा होता: दवाखान्यात पोहोचेपर्यंत डबा कुठे नाहीसा झाला तर कोणाला कळणार आहे? एक मोठी कचराकुंडी आली. कोच थांबला. तिच्याकडे अर्धा मिनिट पाहिलं. मग एका माणसाने विचारलं, "काय हो, काही टाकायचंय का?" आणि कोच "नाही" म्हणून पळाला.

दवाखान्यातल्या खाटेवर बाबा पांढरे पडले होते. हाताला सलाईन. सासूबाई उशाशी बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई वहीत लिहीत होत्या. "चार दिवसांत नवं काय खाल्लं?"

"काही नाही," बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "जुनंच सगळं."

ही संधी होती. बाबांनीच त्याला सोडवलं होतं.

"नवं आहे," तो म्हणाला. "मी दिलंय. डबा बदलला. कोणाला न सांगता." आणि पिशवी टेबलावर ठेवली.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही झाकणं उघडली आणि व्यायामशाळेच्या डब्याचं झटकन बंद केलं.

"हा तारखेतला आहे," कोच पुटपुटला.

"तारीख बंद डब्याची असते, कोरड्या जागेत ठेवलेल्या. उघडून ओला केला की ती संपली. हा जुना डबा कोरडा राहिला, म्हणून दिसायला तरी ठीक आहे. फार तर थोडा कमी उपयोगी झाला असेल. तरी खात्री नसेल तर नवा घ्या. हा मात्र वासावरूनच फेकायचा. उलट्या यानेच झाल्या असं आत्ताच सांगू शकत नाही, पण बुरशी दिसतेय, तेव्हा मी तपासायला ठेवते. आणि रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं माप, वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. क्रिएटिन घेणाऱ्यात ते तसंही वाढतं. मी ते धरूनच वाचीन. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मूत्रपिंडं?" कोचने विचारलं.

"संध्याकाळी रिपोर्ट येतील. तोवर मला माहीत नाही."

हे "मला माहीत नाही" कोचच्या छातीवर चाळीस किलोच्या दांड्यासारखं बसलं. त्याला आठवलं: आज पहाटेच्या पाळीत निदान अकरा जणांनी तोच चमचा बुडवला होता. काहीजण दहा वर्षांनी लहान दिसायच्या नादात दोनदा.

तो फोन काढून कोपऱ्यात गेला. गटावर लिहिलं: "मोठ्या डब्यातली पावडर कोणी घरी नेली असेल तर टाकून द्या. ती बिघडली आहे, चूक माझी आहे. ज्यांनी घेतली असेल आणि पोट बिघडलं असेल त्यांनी आजच डॉक्टरकडे जा." बोट पाठवण्याच्या खुणेवर थांबलं. उद्यापासून कोणी वर्गणी भरेल की नाही, कोण जाणे.

पाठवलं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्याने खांदे वर ओढले, वार झेलायला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाबांना पाणी द्या. तुमच्याच हातानं."

कोचने पेला उचलला. बाबांनी दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि कोचचं मनगट धरून ठेवलं. खिशातल्या फोनवर उत्तरं वाजायला लागली होती, एकामागून एक. कोचने ती वाचली नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते, आणि संध्याकाळ फार लांब होती.