पाचव्या होळीचं कलम

आमशा पाडवी रागावला की आवाज चढवत नसे, उलट हळू बोलायचा. त्या दिवशी तो इतका हळू बोलत होता की सदफला खुर्ची पुढे ओढावी लागली.

खापरजवळच्या त्या मिरची कारखान्यात बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट असलेला माणूस एकच, तो आमशा. वाफ नाही तर मिरचीची पूड निर्जंतुक होत नाही, आणि तशी पूड परदेशी गिऱ्हाईक घेत नाही. त्यामुळे गुजरातची मोठी कंपनी कारखाना विकत घ्यायला आली तेव्हा तिनं अडीचशे माणसांतून पाच जण निवडले. 'हे टिकले तरच सौदा', असं खरेदीच्या करारातच घातलं आणि पाचही जणांना टिकून राहण्याचा बोनस देणारं पत्र काढलं.

पत्र दिसायला गोड होतं. सौदा पूर्ण झाला की पुढच्या पगारात अर्धी रक्कम, बारा महिने राहिल्यावर उरलेली. कंपनीनं विनाकारण काढलं तर सगळी मिळणार. आपणहून सोडलं तर मात्र घेतलेली अर्धी तीस दिवसांत परत करायची, तीही कर कापण्याआधीची पूर्ण. पत्राची वाच्यता केली तर हक्क गेला. इथवर आमशाचं काही म्हणणं नव्हतं. नवव्या कलमावर बोट आलं आणि थांबलं. सलग आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी, कारण कोणतंही असो, म्हणजे राजीनामा समजला जाईल.

चार वर्षं आमशा होळीचं व्रत पाळत होता. पंधरा दिवस जमिनीवर झोपायचं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू, आणि एका गावच्या होळीवरून दुसऱ्या गावच्या होळीवर अनवाणी जायचं. नवस पाच वर्षांचा. मुलगी तापातून उठली तेव्हा बोललेला, आणि हे पाचवं वर्ष. जुने मालक त्या दिवसांत बॉयलर थंड करून साफसफाईला काढत, कारण अर्धे हात डोंगरात गेलेलेच असत. कधी कुणाचं काही अडलं नव्हतं.

कारखान्याचं मनुष्यबळ खातं म्हणजे अक्कलकुव्याची सदफ, एकटीच. तिनं नव्या कंपनीच्या अहमदाबादच्या साहेबांना व्हिडिओवर घेतलं. साहेब हसले. असली कलमं सगळीकडे असतात, सुट्टी तर आम्ही देऊच, मनात काही आणू नका, असं म्हणाले. हवं तर मेल टाकतो, असंही म्हणाले.

आमशानं पान उलटलं. शेवटच्या ओळीत होतं की आधीचं सगळं बोलणं आणि लिहिणं या पत्रानं रद्द, आणि बदल फक्त दोघांच्या सहीच्या कागदावर. त्यानं ती ओळ सदफला मोठ्यानं वाचायला लावली. साहेबांनी लिहिलेलं साहेबांनीच ऐकलं, आणि हसू जरा आवरलं.

"ताई, हाई कलम बदली द्या, मंग सही," आमशा म्हणाला.

साहेब म्हणाले, ठीक, तुमच्यापुरतं बदलू. इथं एखादा गप्प बसला असता. पण सुकवण यंत्रावरचा वीरसिंग त्या पाचांतलाच, आमशाच्याच गावचा, त्याच होळीला जाणारा. त्यानं न वाचताच सही ठोकली होती आणि आमशाच्या मोटरसायकलवर मागं बसून त्याला सगळं सांगून टाकलं होतं. आता वीरसिंगचं नाव घ्यावं तर वाच्यतेच्या कलमानं त्याचाच बोनस बुडणार.

"पत्र कोणाले भेटनं, माले माहीत नही," आमशा म्हणाला. "पन जेवढा कागद निंघनात, त्या सगळास्मा बदला. नही तं मन्ही सही नही."

पैसा नको होता असं नाही. त्या पैशात लेकीचं नर्सिंग पूर्ण झालं असतं. पण पाचवी होळी विकून लेकीला शिकवायचं, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. शुक्रवारी सौदा आणि ही बुधवारची दुपार. साहेबांनी व्हिडिओ बंद केला.

तासाभरानं पाच नवी पत्रं आली. प्रत्येकात साहेबांची सही आणि नवव्या कलमात एक ओळ जास्त: 'मंजूर रजा गैरहजेरी धरली जाणार नाही.' सदफनं सुटकेचा श्वास सोडून पेन पुढं केलं. आमशानं पेन घेतलं नाही.

"मंजूर कोन करस?" त्यानं विचारलं.

सदफनं पेन खाली ठेवलं. रजा मंजूर करणंही सौद्यानंतर त्याच साहेबांच्या हातात जाणार होतं.

आमशानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज होता, तारखांसकट. आजपर्यंत मंजुरीची सही सदफची चालायची, आणि शुक्रवारपर्यंत चालणारच होती. खाली आणखी एक अर्ज होता, तारखा त्याच, फक्त नावाची जागा कोरी. त्यानं दोन्ही कागद नव्या पत्रावर ठेवले आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"पहिले तुम्ही," तो म्हणाला.