मोज्यातली पॉवर बँक

देवरावांच्या मेव्हण्याला, प्रशिकला, दुसऱ्याची पॉवर बँक मागून घ्यायची आणि पार रिकामी करून परत द्यायची खोड होती. म्हणून त्याच्यासोबत गोव्याला निघताना देवरावांनी आपली पॉवर बँक मोठ्या बॅगेत, मोज्याच्या आत दडवली आणि "घरीच राहिली गा," म्हणून मोकळे झाले. नागपूर विमानतळावर बॅग काउंटरवरून आत गेली तेव्हा त्यांना कोण आनंद!

तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. सुरक्षावाल्या बाईंनी बॅग उघडायला लावली आणि सगळ्यांदेखत मोजा झटकला.

"काका, ही आत टाकलेल्या सामानात चालत नाही. तिथे पेटली तर विझवणार कोण? हातातल्या पिशवीत ठेवा, चाव्या आणि नाण्यांपासून वेगळी." त्यांनी मागे छापलेला आकडा वाचला. "चौऱ्याहत्तर वॅट-अवर. शंभरच्या आत आहे, न्या."

"काहून हो, घरी राहिली होती ना?" बायकोने, प्रीतीने, विचारलं.

प्रशिकने खिशातून केबल काढली.

"विमानात चार्जिंग करता येत नाही!" देवरावांनी घाईघाईने भिंतीवरची सूचना दाखवली. उभ्या आयुष्यात त्यांना कुठला नियम इतका गोड लागला नव्हता.

प्रशिकने मुकाट केबल गुंडाळली. मग घोषणा झाली. गोव्याचं विमान तीन तास उशिरा सुटणार होतं.

प्रशिकने केबल पुन्हा सोडली आणि हात पुढे केला.

"द्या भाऊजी. आपण तं अजून नागपुरातच आहो."