नीकळी गई

"लिही, फाइल तपासायची आहे, फ्लॉप्या परत पाठवा. बस. हरवली असा एक शब्द लिहिलास तर मी तुला ओळखत नाही," बन्सीलालशेठ म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. "तपासायची आहे असं वाचलं की धनसुखभाई बाकीच्या चार रंगांच्या फिल्म काढणंही थांबवतील. डिझाइनच खोटं आहे समजतील."

"मग व्हायरस लिही."

"मागच्या महिन्यात दुसऱ्या पार्टीला व्हायरसच लिहिला होता."

शेठ धुळ्याचे. वीस वर्षं सुरतेत राहून ते एक गोष्ट पक्की शिकले होते, चूक कधी कागदावर येऊ द्यायची नाही. "तुला लई खरं बोलायचंय ना, तुझ्या नावानं लिही. माझं नाव त्यात दिसता कामा नये," म्हणाले आणि खाली चहा प्यायला निघून गेले.

पर्वत पाटियाजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. दोन कॉम्प्युटर आणि एक एसी. एसी मशीनसाठी, आम्ही फुकटात गार व्हायचो. साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं मशीनवर काढायची, एकेक रंग वेगळा करायचा आणि फ्लॉपीवर घालून पार्टीकडे द्यायची. तिथे एकेका रंगाची फिल्म काढून तिच्यावरून छपाईचे स्क्रीन बनवतात. मशीनमधली जागा भरली की जुनं काम दाबून फ्लॉप्यांवर घ्यायचं आणि मशीनवरून उडवायचं. डी-४१७ या डिझाइनची फाइल मी अशीच चार फ्लॉप्यांवर घेतली आणि उडवली. फ्लॉप्या परत लावून बघितल्या नाहीत. आळस केला, दुसरं कारण नाही. मग त्या दिवशी सकाळी ही साडी छापणाऱ्या पार्टीचा, धनसुखभाईंचा निरोप आला. मरून आणि सोनेरी या दोन रंगांत पदरावरच्या कैऱ्यांच्या नक्षीचा जोड जुळत नाही, उद्यापर्यंत दुरुस्त करून द्या. तिसरी फ्लॉपी वाचली जाईना. एकच फाइल चार तुकड्यांत असते. एक तुकडा गेला की बाकीचे तीन कचरा.

बारा दिवसांचं काम. नीट चालणारी फाइल आता एकाच ठिकाणी होती, सोमवारी आम्ही पाठवलेल्या फ्लॉप्यांत, धनसुखभाईंच्या सचिन गावातल्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड छापायच्या कारखान्यात.

पण भीती बारा दिवसांच्या कामाची नव्हती. या बाजारात फाइल हरवत नाही, विकली जाते. माझ्याआधी या खुर्चीवर केदार बसायचा. त्याच्या हातचं डिझाइन दुसऱ्याच दुकानाच्या साडीवर निघालं. त्यानं दिलं की आणखी कुणी, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पण सुरतेतल्या एकाही स्टुडिओनं त्याला पुन्हा मशीनला हात लावू दिला नाही. आता तो गोडादऱ्यात लूमवर बारा तास उभा असतो. मला बघितलं की मान फिरवतो.

तरी मी लिहिलं. माझं शिक्षण लिंबायतच्या मराठी शाळेत झालं, गुजराती दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. धनसुखभाईंना मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणून गुजरातीत लिहिलं. मधले दोन शब्द तसेच ठेवून मराठीत सांगायचं तर असं:

"धनसुखभाई, डी-४१७ ची फाइल आमच्या मशीनमधून नीकळी गई छे. चूक माझ्या एकटीची आहे. सोमवारी पाठवलेली शेवटची, म्हणजे सी नंबरची फाइल परत द्यावी. बी नको, तिच्यात जुनी किनार आहे. चार रंगांचं काम थांबवू नका. उद्या दुपारपर्यंत दोन रंग दुरुस्त करून देते. छाया."

फॅक्स गेला. दहा मिनिटांत फोन आला.

"बेन," धनसुखभाईंचा आवाज अगदी हळू होता. "कोने आपी?"

कुणाला दिली? मला आधी कळेचना. "कुणाला नाही भाई. चार फ्लॉप्यांवर घेतली होती, त्यातली एक वाचली जात नाही. इथून निघून गेली."

"ए ज पूछुं छुं. क्यां गई?" तेच विचारतोय, कुठे गेली? मग म्हणाले, "त्या चार फ्लॉप्या घेऊन इथे या. आत्ता." फोन ठेवला.

शेठ वर आले. त्यांनी फॅक्सचा कागद वाचला आणि तोंडातला तंबाखू गिळला की काय असं तोंड केलं. "अगं, नीकळी गई काय लिहिलंस? पुसली गेली म्हणजे भूंसाई गई. बाजारात डिझाइन नीकळी गई म्हणजे फुटलं. दुसऱ्याच्या हाती गेलं. स्वतःच्या हातानं लिहून दिलंस."

"तुम्ही चला सोबत."

"माझं नाव कुठंय त्यात?" शेठ म्हणाले.

सचिनपर्यंत शेअर रिक्षात मी फ्लॉप्यांची पिशवी मांडीवर दाबून धरली होती. शेजारची बाई दोनदा माझ्याकडे बघून सरकली. मी एकच शब्द घोकत होते. भूंसाई. भूंसाई. भूंसाई.

प्रोसेस हाउसच्या ऑफिसात धनसुखभाईंच्या पुढ्यात माझा फॅक्स होता. त्या दोन शब्दांखाली लाल रेघ. फिल्म काढायच्या मशीनवर हिलाल नावाचा आमच्याच खानदेशातला माणूस होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाई, मी चुकीचा शब्द लिहिला. भूंसाई गई. माझ्या हातानं पुसली."

"आता शब्द बदलता?"

"फ्लॉपी लावून बघा."

हिलालनं तिसरी फ्लॉपी लावली. मशीन कर्रकर्र वाजलं, पडद्यावर एररची ओळ आली. त्यानं पुन्हा लावली, पुन्हा तेच.

"खराब शे, शेठ," तो म्हणाला.

"फ्लॉपी खराब करायला किती वेळ लागतो?" धनसुखभाई माझ्याकडेच बघत होते. "तिच्यावर लोहचुंबक फिरवलं की झालं. विकायचं, मग रडत यायचं."

माझं डोकं तापलं.

"भाई, विकणाऱ्याकडे कॉपी असते. माझ्याकडे कॉपी असती तर मी तीच दुरुस्त करून उद्या तुमच्याकडे दिली असती. तुम्हाला कळलंही नसतं. मी तुमच्यापुढे हात पसरायला आले कशाला?"

ते लाल पेनचं टोपण काढत राहिले, लावत राहिले.

"हिलाल, सी आप एने," शेवटी म्हणाले. दे तिला.

हिलालनं माझ्यासमोर सी नंबरच्या फ्लॉप्यांची कॉपी केली आणि चारही लावून, उघडून दाखवल्या. जे माझ्याकडून करायचं राहिलं होतं ते. पडद्यावर माझ्या कैऱ्या आल्या. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

मग धनसुखभाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "मराठीत लिहा. तुमच्या भाषेत चूक नाही होणार. हिलाल वाचून दाखवेल. फाइल माझ्या हातानं पुसली, डिझाइन कुणाला दिलं नाही. खाली सही. आमची साडी दिवाळीला बाजारात येईल. त्याआधी कुठेही ही कैरी दिसली, तर हा कागद स्टुडिओ-स्टुडिओत फिरेल."

"माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी दिली तर?"

"कागदावर नाव तुमचं आहे."

तिथे चार रंगांच्या फिल्म काढणारे हात होते, स्क्रीन बनवणारे होते, आमच्याकडे शेठ होते. या सगळ्यांनी ती कैरी बघितली होती. सही एकटीची. मी केली. फ्लॉप्या पिशवीत ठेवल्या.

दोन रंग दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी दिले. जोड जुळला. शेठ म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतीस.

दिवाळीला अजून तीन महिने आहेत. गोडादऱ्याच्या बाजारातून घरी जाताना मी बायकांची तोंडं बघत नाही, पदर बघते. परवा भाजीवालीपाशी एका बाईचा मरून पदर दिसला आणि मी तिच्या मागोमाग दोन गल्ल्या गेले. पोपट होते, कैऱ्या नव्हत्या. घरी आले तर आई दारातच बसलेली. तिनं विचारलं, "काय जयं वं माय, तोंड का बरं उतरनं?"

काय झालं, तोंड का उतरलं, विचारत होती. तिच्या अंगावर नवी साडी होती. मी आधी तिचा पदर हातात घेऊन बघितला.