येता येणं

बायकांचा तास बंद करायचा, असं नगरपालिकेच्या अध्यक्षांनी ठरवलं तेव्हा त्यांच्याकडे कारण अगदी चोख होतं. त्या तासाला कोणी येतच नव्हतं. पोहण्याच्या तलावाचं दार सगळ्यांना उघडं, तिकीट सगळ्यांना एकच, पाणीही तेच. वर त्यांनी घरोघरी माणसं पाठवून बायकांना विचारूनही घेतलं होतं. "आमचं ठीक चाललंय हो, काही तक्रार नाही," असं बहुतेकींनी सांगितलं होतं.

"म्हणजे सोय आहे, समाधानही आहे. नाही ती फक्त आवड," अध्यक्ष म्हणाले. "मग रिकाम्या पाण्यापुढे तुम्हाला शिट्टी घालून बसवण्यात काय अर्थ?"

शिट्टी होती मासोळीच्या गळ्यात. ती तिथे पोहायला शिकवायची. हे नाव तिला शाळेत पडलं आणि लग्नानंतरही सासरपर्यंत पोहत आलं.

"साहेब, एक बाई घरात बसलीय आणि दुसरीला घरात कोंडलंय," ती म्हणाली. "रस्त्यावरून जाणाऱ्याला दोघी सारख्याच दिसणार. दोघी घरातच. तुम्ही मोजलंत ते एवढंच."

"कोंडलंय कोणी? नाव सांगा."

नाव सांगता येईना, तिथेच तर गाडी अडली. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली.

घरी मासोळीने पहिला प्रश्न थोरल्या जावेला विचारला. जाऊबाई कणीक मळत होत्या.

"जाऊबाई, तुम्ही का नाही हो येत?"

"मला नाही बाई आवडत पाणी."

"कधी उतरलात?"

"उतरले नाही, म्हणून तर सांगते ना!" म्हणत जाऊबाई स्वतःच हसल्या. मग हात थांबला. "लहानपणी वाटायचं गं. पण मिळणार नाही त्याची हौस किती दिवस उराशी धरायची? सोडून दिली. आता खरंच काही वाटत नाही."

घरोघरी मिळालेलं 'ठीक चाललंय' कसं तयार होतं, ते मासोळीला त्या परातीपाशी कळलं. मग तिने प्रश्नच बदलला. सुखी आहात का, हे विचारणं सोडलं. "समजा, उद्या सकाळी तुमच्या मनात आलं, तर येता येईल? नाही, तर नेमकं कुठे अडेल?" असं ती विचारू लागली.

उत्तरं ऐकून ती चाट पडली. तिला वाटत होतं, अडचण वेळेची असणार. दवाखान्यातल्या परिचारिकेची ती होतीच. तिची कामाची पाळी सुटायची तेव्हा बायकांचा तास संपलेला असायचा. पण कपडे शिवणारी शेजारीण म्हणाली, "वेळ आहे गं. पण ओले केस घेऊन भर रस्त्यातून घरी यायचं? गल्लीभर पंचायत बसेल." तलावाची खिडकी समोरच्या गॅरेजकडे उघडत होती, हे तर मासोळीच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. तिला पोहताना बघायची तिथल्या पोरांना सवय झाली होती, आणि तिला त्यांची. कुबडी घेऊन चालणाऱ्या हिशेबनीस बाईंनी एकच वाक्य ऐकवलं. "तुमची ती लोखंडी शिडी आहे ना, तिच्यापुढे माझं तिकीट म्हणजे नुसता कागद."

तिकीट एकच, पण प्रत्येकीच्या हातात गेल्यावर त्याचं वेगळंच काहीतरी होत होतं.

मासोळीने सगळ्यांना तलावाच्या काठावर जमवलं. आधी काय करायचं, यावरून चांगलीच जुंपली. परिचारिका वेळेसाठी भांडली, शेजारीण खिडकीसाठी. मासोळीने मध्ये तोंड घातलं, तर जाऊबाईंनी तिला गप्प केलं. "तू पोहतेस. तुला काय कळतंय कोरड्या माणसाचं! आमचं आम्हाला ठरवू दे." शेवटी त्यांनीच ठरवलं. खिडकीला धुरकट काच, केस वाळवायला आडोशाची खोली आणि यंत्र, तास संध्याकाळी, आणि शिडीच्या जागी कठड्याच्या रुंद पायऱ्या.

यादीतल्या पायऱ्यांपाशी अध्यक्षांची भुवई उंचावली. "एकट्या या बाईंसाठी एवढं बांधकाम? बाकीच्यांवर अन्याय नाही का हा?"

हिशेबनीस बाई पुढे आल्या. "साहेब, सगळ्यांना सारखं दिलंत, तेव्हा मी काठावरच राहिले. मला पाण्यापर्यंत न्यायला जास्त लागतं, तर जास्त द्या. बरोबरी कुठे मोजायची? देताना, की पोहोचल्यावर?"

अध्यक्षांनी तिथल्या तिथे इंजिनिअरला बोलावलं.

काम झालं, तरी जाऊबाईंचं अडलेलंच होतं. सासरे अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी त्यांच्यापाशी कोण बसणार? हे काही नगरपालिकेच्या हातात नव्हतं. जेवताना मासोळीने थोरल्या दिरांना सरळच विचारलं.

"भाऊजी, संध्याकाळी बाबांजवळ तुम्ही बसाल?"

"मी? मला कुठे जमतंय? आणि हिला कुठे आवडतं पाणी!"

पलंगावरून सासऱ्यांचा बारीक आवाज आला. "अरे, तुला बसायला जमत नाही? दुकानात दिवसभर दुसरं काय करतोस?"

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण कान लाल करून. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र घेऊन पलंगाशेजारी बसले. औषध दोनदा सांडलं, पण जागचे हलले नाहीत.

उन्हाळ्यात मुदत संपली. अध्यक्ष तलावावर आले, पाठीमागे चार सभासद.

"किती जणी पोहतात?" त्यांनी विचारलं.

"तसं नका मोजू," मासोळी म्हणाली. "नाहीतर मी बायकांना ओढून पाण्यात ढकलीन आणि तुमचा आकडा भरीन. त्यांनी पोहायलाच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. पोहता यायला पाहिजे. तुम्हीच विचारा त्यांना."

अध्यक्षांनी नेमकं परिचारिकेलाच गाठलं. तिच्यासाठी वेळ बदलली होती, आणि ती कोरडीठाक बाकावर बसली होती.

"तुम्ही नाही उतरलात?"

"आज नाही. दोनदा उतरले, गार वाटलं. काम सुटल्यावर मला इथे बसून गप्पा मारायला जास्त आवडतं."

"मग वेळ बदलून काय मिळालं तुम्हाला?"

"आधी मी येत नव्हते, कारण येता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता पोहत नाही, कारण मला पोहायचं नाही. साहेब, हे 'नाही' माझं स्वतःचं आहे. कोणी ते काढून घेतलं, तर बघा!"

अध्यक्ष मान मागे टाकून मोठ्याने हसले. "हे मोजायचं कसं, ते आता तुम्हीच शिकवा आमच्या लोकांना."

तेवढ्यात पायऱ्यांकडून गलका झाला. हिशेबनीस बाईंनी कुबडी कठड्याला टेकवली, कठडा धरून त्या एकेक पायरी उतरल्या आणि पाण्याने त्यांना उचललं. जमिनीवर अडखळणारी ती बाई पाण्यात सरळ, सुरेख पुढे निघाली. तिच्या मागून जाऊबाई. हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी, अर्ध्यावर बुडतात की काय असं वाटलं. मासोळी उडी मारायच्या बेतात होती.

"हात लावू नकोस!" जाऊबाई ओरडल्या. आणि पलीकडच्या काठाला त्यांनी असा काही हात मारला, की बाकावरच्या सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. टाळ्यांनी छत दणाणलं. बायकांचा तास कायम झाल्याचं अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं, ते निम्म्यांना ऐकूही गेलं नाही.

काठाला धरून धापा टाकणाऱ्या जाऊबाईंनी डोळ्यांवरचं पाणी पुसलं.

"साहेब, जाऊ नका," त्यांनी हाक मारली. "सगळ्या आहेत तोवर बोलून घेऊ. ते नगरपालिकेचं वाचनालय. दार उघडं आहे म्हणता ना त्याचंही?"

अध्यक्ष खुर्ची ओढून पाण्याच्या कडेला बसले. "बोला," ते म्हणाले. "कुठे अडतं?"

आणि एकदम सगळ्याच बोलू लागल्या.