तुम्ही नाही आलात तरी चालेल

मुलांचे वाढदिवस साजरे करून देणाऱ्या त्या कंपनीत लिहायचं काम ती एकटीच करायची. तिच्या स्वतःच्या मुलीचा चौथा वाढदिवस आज पाच वाजता होता आणि वेबसाइटचा मजकूर हातावेगळा केल्याशिवाय मालकीणबाई तिला हलू देणार नव्हत्या.

गेले दोन आठवडे साइटवर दोन ओळींची झुंज लावलेली. निम्म्या पालकांना दिसायची तिची ओळ: ‘धावपळ आमची. तुम्ही फक्त या.’ उरलेल्यांना मालकीणबाईंनी चहा ढवळता ढवळता सुचवलेली: ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल.’

“तुझ्या ओळीवर नऊ बुकिंग, माझ्या ओळीवर एक्केचाळीस,” मालकीणबाई म्हणाल्या. “आता खाली परिचय लिही. तीन-चार वाक्यं बास. एका हातात रडकं पोर धरून वाचतात बिचारे.”

“बाई, जरा क्रूर नाही का वाटत?”

“घरी जायचंय ना तुला?”

तिने लिहिलं: ‘तुमची मीटिंग महत्त्वाची आहे. केक, फुगे, खेळ, पाहुणे आम्ही बघतो. मेणबत्ती विझवताना बाळाचा हात धरायला आमचं अस्वल असतं. तुम्ही फक्त तारीख सांगा.’

मजकूर साइटवर चढला. अर्ध्या तासात नवऱ्याचा फोन.

“अगं, मी ऑफिसात अडकलोय. तूही येणार नाहीस म्हणालीस...”

“उशीर होईल म्हणाले होते!”

“तेच ते. पण टेन्शन घेऊ नकोस, एक साइट सापडली. तातडीचं बुकिंग केलंय. इतकं समजूतदार लिहिलंय गं, वाचून एकदम हलकं वाटलं.”

“ती आमची साइट आहे.”

“हो? मला वाटलं तू विमा कंपनीत आहेस.”

तिने पर्स उचलली, तोच मालकीणबाई अस्वलाच्या पोशाखाचं डोकं काखोटीला मारून दारात उभ्या.

“अस्वलवाली तापाने फणफणलीये. तुझ्या घरचंच बुकिंग आहे, तूच जा. नियम माहीत आहेत ना? अस्वल बोलत नाही. पोरांसमोर डोकं काढत नाही. काढलंस तर उद्या यायची गरज नाही.”

“पण बाई, माझी मुलगी आहे ती!”

“म्हणूनच तर पत्ता सांगावा लागणार नाही.”

पाच वाजता ती स्वतःच्याच हॉलमध्ये घामाने निथळत नाचली. मेणबत्तीच्या वेळी केसाळ पंजात मुलीचा हात धरला. मुलीने एकदा अस्वलाच्या काचेच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि मग केककडे वळली.

साइटवर टाकायला व्हिडिओ काढणारा खाली वाकला. “आई आली नाही, वाईट वाटतंय का गं?”

अस्वलाने श्वास रोखला.

“नाही,” मुलगी तोंडातलं क्रीम गिळत म्हणाली.

अस्वलाच्या डोक्याच्या आत, जाड फोमच्या वासात, लिहिणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळलं ते हेच, की साइटवर टाकताना या उत्तरात एकही शब्द बदलावा लागणार नाही. रडू त्यानंतर आलं.