बजरंगतात्यांचा डिसेंबरातला पाऊस

राजनंदिनीच्या आलेखात जुलैपेक्षा जास्त पाऊस डिसेंबरात पडला होता, आणि जानेवारीत त्याहून जास्त. नेवासा तालुक्यात असं कधी होत नाही. पण रेषा तर छाती काढून वर चालली होती.

नववीतल्या या पोरीनं जूनपासून शाळेच्या कुंपणाच्या भिंतीजवळ सरळ उभ्या कडांचा डबा ठेवला होता. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, मिलिमीटर लिहायचे, डबा पालथा करायचा. आता शाळेत विज्ञान प्रकल्पांची निवड होती आणि पहिला येईल तोच तालुक्याला जाणार होता. तिला जायचंच होतं. आलेखाखालचा परिच्छेद तेवढा राहिला होता: आलेख काय दाखवतो, कल काय आणि एक मर्यादा.

मर्यादा तिला नुकतीच सापडली होती. एका सकाळी बघते तर भिंत ओली, ती पण फक्त शेजारच्या कांद्याच्या शेताच्या बाजूनं. पलीकडं वाकून पाहिलं, तर बजरंगतात्यांच्या स्प्रिंकलरची तोटी थेट शाळेकडं तोंड करून उभी.

अडचण अशी, की पाझर तलावाचं पाणी शेतीला उचलायचं नाही, असं ग्रामसभेत ठरलं होतं, आणि तात्यांकडं दुसरं पाणी नव्हतं. तात्या गावभर सांगत हिंडायचे, "माझा कांदा निस्त्या दवावर हाय." दोघं-तिघं जण तर पहाटे जाऊन बघूनही आले होते, आणि यंदा दव लई दाट पडतंय म्हणून मान डोलावत परत आले होते.

तात्यांना कुणकुण लागली. निवडीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला शाळेच्या फाटकातच गाठलं.

"नंदे, म्या ऐकलं, तुज्या कागदावर डिसेंबरात पाऊस हाय. लई झ्याक. काय बी खोडू नको."

"तात्या, तो पाऊस न्हाई, तुमचं स्प्रिंकलर हाय."

"डब्यात पानी आलं का न्हाई? वरून आलं ना? मग झाला की पाऊस! एक मर्यादाच लिवायची ना, तर ती शेळीची लिव. शेळीनं डब्यात तोंड घातलं, म्हन."

"कोणाच्या शेळीनं?"

"माजीच घाल. माजी हरकत न्हाई."

मुख्याध्यापक आसाराम सरांना तर चढती रेषा बघून भरून आलं होतं. "राजनंदिनी, चढता कल म्हणजे प्रगती. मर्यादा कशी छोटीशी लिही. पट्टी जुनी होती, वगैरे."

"सर, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर डिसेंबरात पाऊस शून्य आहे. आपल्या डब्यात एकशे अडतीस."

"मग आपला डबा जास्त संवेदनशील असेल!"

निवडीच्या दिवशी वर्गात परीक्षक म्हणून आसाराम सर आणि सरपंच पुष्पावतीबाई. बाईंचा जीव टांगणीला लागलेला. डिसेंबरात पाऊस पडल्याची बातमी वर गेली, तर गाव दुष्काळाच्या यादीतून उडायचं. मागच्या बाकावर बजरंगतात्या छत्री घेऊन बसलेले. बाहेर लख्ख ऊन.

राजनंदिनी कागद घेऊन उभी राहिली. सरांची मर्जी एकीकडं, तात्यांचे डोळे दुसरीकडं. पण ती वाचायला लागली:

"हा रेषालेख शाळेच्या आवारातला जून ते जानेवारीचा मासिक पाऊस मिलिमीटरमध्ये दाखवतो. जूनमध्ये ८४ असलेला पाऊस सप्टेंबरात १६१ पर्यंत वाढला, फक्त ऑगस्टात किंचित घट आहे. त्यानंतर तो उतरत जाऊन नोव्हेंबरात ७ वर आला. मर्यादा: डिसेंबरचे १३८ आणि जानेवारीचे आजवरचे १४९ हे आकडे पाऊस म्हणून धरू नयेत. डबा भिंतीजवळ असल्यामुळे त्यात शेजारच्या शेतातलं स्प्रिंकलरचं पाणी पडलं. म्हणून ते दोन बिंदू तुटक रेषेनं दाखवले आहेत आणि कल फक्त नोव्हेंबरपर्यंतच सांगितला आहे."

"खोटं हाय!" तात्या उठले. "माज्याकडं स्प्रिंकलरच न्हाई! दव हाय, दव!"

आणि नेमकी त्याच वेळी शेतीपंपांची थ्री-फेज लाईट आली.

आठवड्याची पाळी बदलून रात्रीची लाईट दिवसाला आली होती, आणि तात्यांची मोटार होती ऑटोवर, लाईट आली की आपोआप सुरू. भिंतीपलीकडं कुणीतरी खोकावं तसा पाइप खोकला. मग चक् चक् चक् करत पाण्याची कमान भिंतीवरून आली, डब्यात वाजली, फिरली आणि खिडकीतून सरळ सरांच्या कोटावर.

सगळा वर्ग तात्यांकडं बघायला लागला. तात्यांनी शांतपणे छत्री उघडली.

"बगा," ते म्हणाले, "म्या म्हनत हुतो का न्हाई? जानेवारीत बी पडतो."

आसाराम सरांनी चष्मा पुसला. एकदा कोरड्या आभाळाकडं पाहिलं, एकदा ओल्या टेबलाकडं. मग राजनंदिनीच्या हातातला कागद कोटाच्या कोरड्या बाजूवर धरून त्यांनी त्यावर लिहिलं, 'तालुक्यासाठी निवड', आणि खाली सही केली. बाकीचे प्रकल्प तोवर भिजून गेले होते.

राजनंदिनीनं कागद छातीशी धरला आणि पाण्याकडं पाठ फिरवली.

पुष्पावतीबाई पदर डोक्यावर घेत उठल्या. "बजरंगा," त्या म्हणाल्या, "आदी जा, आन् तुजा पाऊस बंद करून ये. मग बोलू दवाचं."